पाच गावांत एकच ‘सिस्टर आशा’



मागच्या वर्षी आमच्या पाच गावांतल्या गटांच्या बायकांनी आपापले अनुभव सांगितले. कुणी शेळ्यांचे, कुणी बाळंतपणाचे, कुणी पहिल्यांदा बँकेची पायरी चढल्याचे. आम्ही ते मोबाइलवर भरून घेतले आणि संध्याकाळी बसून वहीत उतरवले. एका संस्थेला त्यांची इंग्रजी पुस्तिका करायची होती. हीच संस्था एका गटाला शेवयांच्या मशीनसाठी मदत देणार होती. वह्यांच्या झेरॉक्स शहरात गेल्या, तिथं कुणी भाषांतर केलं, आणि महिन्याभरानं संस्थेचं पत्र आलं.

पत्रात दोन शंका होत्या. पहिली अशी, की तुमच्या एक सभासद सांगतात, ‘बँकेतल्या माझ्या भावाने कागद तपासून दिले आणि कर्ज मिळालं.’ मग हा भाऊ सख्खा की चुलत? तो बँकेत कोणत्या पदावर आहे? व्यवहारात नातेवाईक असला तर आधी कळवायचं, अशी संस्थेची अट होती, त्यामुळं खुलासा येईपर्यंत मशीनचे पैसे थांबवले होते. दुसरी शंका वाचून आम्ही आधी हसलो. पाचही गावांच्या गोष्टींत ‘सिस्टर आशा’ नावाची एकच बाई कशी? ती एवढी फिरते का, की गोष्टी एकमेकींच्या बघून लिहिल्या आहेत?

त्या सभासदाला पत्र वाचून दाखवलं तेव्हा तिला काही हसू आलं नाही. तिला भाऊच नाही. चार बहिणींतली ती तिसरी. ‘मी खोटं बोलले असं त्यांना वाटतंय का?’ एवढंच तिनं विचारलं.

आम्ही वही काढली. वहीत तिचे शब्द होते, ‘बँकेतल्या भाऊंनी कागद बघून दिले.’ ‘माझा’ हा शब्द त्यात कुठंच नाही. मग इंग्रजीत तो आला कुठून? आमच्या एका सभासदाची लेक इंग्रजी घेऊन बी.ए. करते, तिनं समजावलं. इंग्रजीत नुसतं ‘भाऊ’ म्हणून वाक्य उभं राहत नाही. कुणाचा भाऊ, कुठला भाऊ, हे सांगणारा एखादा बारका शब्द पुढं लावावाच लागतो. भाषांतर करणारानं जवळचा वाटला तो ‘माझा’ लावला. शब्दकोशात भाऊ म्हणजे ब्रदर, ते काही चूक नाही. पण त्या बारक्या शब्दानं बँकेतला एक अनोळखी माणूस आमच्या सभासदाच्या घरातला करून टाकला.

तिनं त्याला भाऊ का म्हटलं, तेही तिलाच विचारलं. ती म्हणाली, ‘त्याआधी मी परक्या पुरुषाशी कधी तोंड उघडून बोलले नव्हते. नाव माहीत नव्हतं. साहेब म्हटलं असतं तर मीच बारीक झाले असते. अहो भाऊ म्हटलं की जीभ उचलते.’ आपण सगळ्याच हे करतो. भाऊ किंवा दादा म्हटलं की समोरच्याला मान मिळतो, आणि त्याच दमात आपण एक रेघही ओढून घेतो, की तू भावाच्या जागी आहेस, तसाच वाग. एसटीत शेजारी बसलेल्याला, रात्रीच्या रिक्षावाल्याला ‘दादा’ म्हणताना आपण नातं जोडत नाही, अंतर ठरवतो. नात्यातला शब्द वापरून परकेपणच नीट मांडून घेतो म्हणा ना. इंग्रजीत हे काम ब्रदर हा शब्द करत नाही. तिथं बाई अनोळखी पुरुषाशी बोलताना साधारण ‘सर’ म्हणते, किंवा काहीच संबोधन न लावता ‘माफ करा’ म्हणून सुरुवात करते.

आता बाळंतपणाची गोष्ट बघा, कारण खरा गुंता तिथं झाला होता. आमच्या वहीत असं होतं:

‘रात्री कळा सुरू झाल्या. मालकांनी आशाताईंना उठवलं. त्यांनी एकशे आठला फोन लावला. गाडीवरच्या दादांनी हात धरून चढवलं. दवाखान्यात सिस्टर एकट्याच होत्या. मावशींनी गरम पाणी दिलं, रात्रभर माझ्यापाशी बसल्या. सकाळी शेजारच्या काकूंनी डबा पाठवला.’

आपल्यापैकी कुणालाही हे वाचून काही अडणार नाही. इंग्रजीत काय झालं होतं, ते त्या मुलीनं परत मराठीत सांगितलं ते असं:

‘रात्री कळा सुरू झाल्या. घराच्या मालकाने बहीण आशाला उठवलं. तिने फोन लावला. माझ्या थोरल्या भावाने मला गाडीत चढवलं. दवाखान्यात बहीण एकटीच होती. माझ्या आंटीने गरम पाणी दिलं आणि ती रात्रभर माझ्यापाशी बसली. सकाळी शेजारी राहणाऱ्या माझ्या आंटीने डबा पाठवला.’

मालक म्हणजे नवरा, हे शहरातल्या भाषांतरकाराला सुचलं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून आपण मालक म्हणतो, कारभारी म्हणतो, ‘आमचे हे’ म्हणतो. इंग्रजी वाचणाराला वाटलं की नवऱ्याचा पत्ताच नाही आणि भाड्याच्या घराचा मालक धावपळ करतोय. पण ते सोडून देऊ. जास्त नुकसान पुढंच आहे. आशाताई आणि सिस्टर दोघी ‘बहीण’ झाल्या, तर मावशी आणि काकू दोघी ‘आंटी’. रात्रभर दवाखान्यात बसलेली आंटी सकाळी घरून डबा कशी पाठवते, हा प्रश्न कुणालाही पडावा.

आणि या गोष्टीत मुळात सांगायचं काय होतं? की गावची आशा उठून आली, सरकारी गाडी आली, सरकारी दवाखान्यात नर्स हजर होती, सफाईकाम करणाऱ्या बाईनं आपलं काम सांभाळून माणुसकी केली. नात्यातलं एकही माणूस नसताना बाई सुखरूप सुटली. इंग्रजीत मात्र ती एका मोठ्या कुटुंबाची गोष्ट झाली. बहीण, भाऊ, दोन आंट्या, सगळी घरचीच माणसं. आरोग्यखात्याची चार माणसं त्यातून पुसली गेली, आणि बँकेच्या गोष्टीत तर नियमानं मिळालेलं कर्ज वशिल्याचं दिसायला लागलं.

यातल्या ‘आशा’ आणि ‘सिस्टर’ या दोन शब्दांबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं. आशा हे नाव नाही, हे आपल्याला माहीत असतं, तरी ऐकणाराला ते नावच वाटतं. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यात साधारण हजार वस्तीमागे गावातलीच एक बाई आरोग्याच्या कामासाठी नेमायची ठरली. तिच्या पदाचं इंग्रजी नाव चार शब्दांचं आहे, मान्यताप्राप्त सामाजिक आरोग्य कार्यकर्ती अशा अर्थाचं. त्या चार शब्दांच्या पहिल्या अक्षरांची ‘आशा’ झाली. आपण त्याला ताई जोडलं आणि ते अगदी सुमनताई, लताताईसारखं वाटायला लागलं. म्हणून पाच गावांत एकच सिस्टर आशा. प्रत्येक गावच्या आशाताईचं खरं नाव वेगळं होतं आणि पाचही गोष्टींत ते आम्ही लिहिलंच नव्हतं. ही चूक भाषांतरकाराची नाही, आमची.

सिस्टरची वाट तर उलटीच आहे. युरोपात जुन्या काळी आजाऱ्यांची सेवा ख्रिस्ती जोगिणी करत, आणि जोगिणीला सिस्टर म्हणायची तिथं रीत आहे. त्यावरून इंग्लंडच्या दवाखान्यांत वॉर्ड सांभाळणाऱ्या मोठ्या नर्सला सिस्टर म्हणू लागले. तो शब्द तिथल्या दवाखान्यांबरोबर आपल्याकडे आला आणि आपण सगळ्याच नर्सना सिस्टर केलं. आपण ‘सिस्टर’ म्हणतो तेव्हा मनात बहीण येतच नाही, पांढरा कोट आणि सुई येते. म्हणजे हा शब्द नात्यातून निघून जोगिणीकडे गेला, जोगिणीकडून नर्सकडे, नर्सकडून आपल्या तालुक्याला. आमची गोष्ट इंग्लंडात कुणी वाचली असती तर सिस्टर म्हणजे नर्स हे कदाचित कळलंही असतं. अमेरिकेत मात्र ती बहीणच वाटेल.

मग आम्ही सगळ्या वह्या घेऊन परत बसलो. कुठली ताई घरची आणि कुठली बाहेरची, हे भाषांतर करणाराला कळावं कसं? त्या मुलीनंच एक खूण शोधली आणि ती ऐकून आम्ही चकित झालो, कारण जन्मभर बोलत असून आमच्या लक्षात आली नव्हती. घरची थोरली बहीण असेल तर आपण म्हणतो, ‘ताई आली, ताईने सांगितलं.’ बाहेरची असेल तर, ‘ताई आल्या, ताईंनी सांगितलं.’ तसंच ‘दादा आला’ हा घरचा आणि ‘दादा आले’ हे बाहेरचे. जिथं मानाचं अनेकवचन आहे तिथं बहुतेक परकं माणूस. बँकेच्या वाक्यातही ‘भाऊंनी’ होतं, ‘भावानं’ नव्हतं. सख्खा भाऊ असता तर ती ‘माझ्या भावानं’ म्हणाली असती. एवढ्या एका टिंबात सगळा खुलासा होता आणि झेरॉक्समध्ये ते टिंब पुसट आलं असेल तर कुणाला दोष देणार?

ही खूण सगळीकडे मात्र चालत नाही. काका आणि मामा घरचे असले तरी मानानंच बोलतो, ‘काका आले’ म्हणतो. काही घरांत थोरल्या भावालाही अहो-जाहो असतं. शेतावरच्या मावशीला कुणी ‘मावशी आली’ असंही म्हणतं. तिथं सांगणाऱ्या बाईलाच विचारावं लागतं, दुसरा इलाज नाही. म्हणून आता वहीत उतरवतानाच आम्ही समासात लिहून ठेवतो: मावशी, दवाखान्यात सफाईकाम. काकू, शेजारीण, नात्यातली नाही.

तुमच्या मनात येईल, की इंग्रजीत परक्याला आंटी-अंकल म्हणतच नाहीत का? आपल्याकडं तर शहरातली पोरं सगळ्यांनाच म्हणतात. म्हणतात, पण ती आपली इंग्रजी. इंग्लंडात आई-वडिलांच्या जवळच्या मैत्रिणीला लहान मूल आंटी म्हणेल, भाजीवालीला नाही. सिंगापूरमध्ये मात्र टॅक्सीवाल्याला अंकल आणि खाण्याच्या टपरीवरच्या बाईला आंटी सर्रास म्हणतात, कारण तिथल्या चिनी, मलय, तमिळ लोकांच्या आपापल्या भाषांत ही रीत आधीपासून आहे. शब्द इंग्रजी, वळण घरचं. आपल्यासारखंच.

कोरियाची गोष्ट ऐकून तर आमच्या बैठकीत बायकांनी टाळ्या दिल्या. कोरियन भाषेत आईच्या बहिणीला ‘इमो’ म्हणतात आणि वडिलांच्या बहिणीला ‘गोमो’. तिथल्या खाणावळीत वाढणाऱ्या बाईला हाक मारायची तर ‘इमो’ म्हणतात. ‘गोमो’ कुणी म्हणत नाही. म्हणजे हुबेहूब आपली मावशी! आपणही अनोळखी बाईला मावशी म्हणतो, आत्या नाही म्हणत. का नाही म्हणत, यावर बैठकीत बराच वेळ चर्चा रंगली. एकीचं म्हणणं, माय मरो पण मावशी जगो, मावशी म्हणजे दुसरी आईच. दुसरी म्हणाली, आत्याच्या घरी सून म्हणून जायची रीत आपल्याकडे होती, कित्येक घरांत सासूलाच आत्याबाई म्हणतात, मग वाटेवर भेटलेल्या बाईला कोण सासू करून घेईल! आम्हाला हे दुसरं कारण जास्त पटलं. पण मग मामाचं काय? सासऱ्याला मामंजी म्हणतात, तरी शाळेतल्या शिपायाला मामा म्हणतोच की. म्हणजे हेही कारण पुरतं बसत नाही. इंग्रजीत जाताना हा सगळा वादच संपतो, कारण मावशी, आत्या, काकू, मामी या चौघींना तिथं एकच शब्द.

पण नात्याचा शब्द दिला म्हणजे मान दिला, असं धरून चालता येत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरीच्या काळात आणि ती संपल्यावरही बराच काळ गोरे लोक वयस्क काळ्या बाईला ‘आंट’ आणि पुरुषाला ‘अंकल’ म्हणत. ऐकायला गोड आहे. पण गोऱ्या बाईच्या नावाआधी ‘मिसेस’ लागायचं आणि पुरुषाच्या नावाआधी ‘मिस्टर’. तो मान काळ्या माणसांना द्यायचा नव्हता, म्हणून त्याच्या जागी हे शब्द वापरले जात. नातं जोडायचं म्हणून नाही, मान चुकवायचा म्हणून. पुढं हेच शब्द दुकानातल्या पुड्यांवर आले. ‘आंट जेमायमा’ नावाचं धिरड्यासारख्या गोड पोळ्यांचं तयार पीठ आणि ‘अंकल बेन्स’ नावाचा तांदूळ तिथं कित्येक वर्षं विकला जात होता, दोन्हींवर हसऱ्या काळ्या माणसाचं चित्र. २०२० साली दोन्ही कंपन्यांनी ही नावं बदलायचं जाहीर केलं. तांदूळ ‘बेन्स ओरिजिनल’ झाला. पिठाला पुढच्या वर्षी नवं नाव आलं. त्यामुळं आपल्या एखाद्या गोष्टीतल्या ‘मावशी’ला नुसतं ‘आंट’ करून अमेरिकेत पाठवलं, तर तिथल्या वाचकाच्या मनात आपल्याला ठाऊकही नसलेला हा इतिहास उभा राहू शकतो.

हे सांगत असताना मागं बसलेली एक सभासद बोलली. ती एका शाळेत पोषण आहार शिजवते. म्हणाली, ‘आपल्याकडं काय वेगळं आहे? माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान बाई शिकवायला आली की तिला मॅडम. मला पहिल्या दिवसापासून मावशी. माझं नाव हजेरीच्या वहीत आहे, पण कुणी वाचत नाही.’ खोली गप्प झाली, कारण आम्हीही तिला मावशीच म्हणत होतो. कुणीतरी म्हटलं, मावशी म्हणजे मायेनंच म्हणतात. तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणा की. पण “ए मावशी, पाणी आण” आणि “अहो मावशी, पाणी देता का” यातलं पहिलं मला रोज ऐकू येतं.’

आम्हाला वाटतं, भाषांतराच्या दृष्टीनं तिनं सगळ्यात कळीची गोष्ट सांगितली. मान मावशी या शब्दात नाही, त्याच्या पुढच्या ए किंवा अहोमध्ये आणि मागच्या आण किंवा आणामध्ये आहे. इंग्रजीत ए नाही, अहो नाही, तू आणि तुम्हीलाही एकच शब्द. त्यामुळं तिची दोन्ही वाक्यं इंग्रजीत जवळजवळ सारखीच होतात. मग भाषांतर करणारानं ते बाहेरून सांगायला हवं, की ‘त्यांनी मला एकेरीत हाक मारली’. तिच्या गोष्टीत आम्ही हे वाक्य भरायला लावलं.

दूर कशाला, आपल्या शेजारच्या भाषांतही पाय घसरतो. आमच्या दोघी जणी दिल्लीला सरस मेळ्यात मसाले घेऊन गेल्या होत्या. तिशीतली गिऱ्हाईक बाई आली की या ‘या ताई, बघा ताई’ करायच्या. दोन दिवस बायका चमकून बघायच्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या स्टॉलवालीनं सांगितलं, की हिंदीत ताई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, घरातली वयस्क बाई. आपण बहीण म्हणतोय आणि तिला थोरली काकू ऐकू येतेय. त्यांनी ‘दीदी’ सुरू केलं. इंदूरला असतो तर कदाचित अडचण आली नसती. तिथं सुमित्रा महाजनांना हिंदी बोलणारे लोकही ताईच म्हणतात, आणि ती ताई आपलीच, मराठी. बंगाली लोकांच्यात तर काकू म्हणजे चक्क पुरुष, वडिलांचा भाऊ. सोलापूर-कोल्हापूरकडच्या मैत्रिणींना माहीत असेल, कानडीत ‘तायी’ म्हणजे आई.

हे सगळं नीट कसं करावं, हे आम्ही एका प्रसंगातून शिकलो. खुलाशासाठी संस्थेच्या एक परदेशी बाई गावात आल्या होत्या. पिकले केस, साठीच्या पुढच्या. आमच्या बायका त्यांना ‘आजी, बसा. आजी, चहा घ्या’ म्हणत होत्या. दुभाषी म्हणून बसलेल्या त्या बी.ए.च्या मुलीनं एकदाही ग्रँडमदर हा शब्द उच्चारला नाही. ती ‘बसा मॅडम’ असंच सांगत होती. जाताना त्या बाईंनीच विचारलं, सगळे मला आजी-आजी म्हणतात ते काय? मुलीनं खरं ते सांगितलं. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, ‘आमच्याकडे दुकानात मला कुणी असं म्हटलं तर मी त्या दुकानात परत जाणार नाही.’ तिकडं अनोळखी बाईला आजी म्हणणं म्हणजे तिचं वय तोंडावर मोजणं. आपल्याकडं तो मान. मुलीनं शब्द सोडला आणि मान पोचवला.

त्याच रीतीनं मग बाळंतपणाची गोष्ट दुरुस्त केली. प्रत्येक शब्दाशी थांबून एकच विचारायचं, इथं हा शब्द काय काम करतोय? आशाताई हे पद आहे, म्हणून पहिल्यांदा ‘गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, ज्यांना आम्ही आशाताई म्हणतो’ असं लिहायला लावलं आणि शेजारी त्यांचं खरं नाव दिलं. पुढं ताई हा शब्द तसाच ठेवला, कारण एकदा सांगितलं की वाचणाराला तो कळतो. सिस्टरचं सरळ नर्स केलं. गाडीवरचे दादा म्हणजे रुग्णवाहिकेचे चालक, तिथं दादा ठेवून काही मिळत नव्हतं, सोडून दिलं. मावशींवर मात्र आम्ही अडून बसलो. ‘सफाई कर्मचारी’ एवढंच लिहिलं तर रात्रभर पाठ चोळत बसलेली बाई त्यात दिसत नव्हती. शेवटी असं ठरलं: ‘दवाखान्यात सफाईकाम करणाऱ्या बाई, ज्यांना मी मावशी म्हणत होते, म्हणजे आईची बहीण.’ वाक्य लांबलं, पण मावशी राहिली. काकूंचं शेजारीण झालं. मालकांचा नवरा झाला.

राहिले बँकेतले भाऊ. भाषांतरकारानं फोनवर सुचवलं, की ‘बँक अधिकारी’ लिहू या, म्हणजे संस्थेचं समाधान होईल. आम्हाला ते बरं वाटलं. पण सभासदाला विचारलं तर ती म्हणाली, ‘अधिकारी कुठले? ते दाराशी असायचे, शिपाई. मी तीनदा येऊन परत गेले होते, ते त्यांनी बघितलं. त्यांनी फॉर्म बघितला आणि सांगितलं, इथं सही राहिली, फोटो इथं लावा, ठरावाची नक्कल जोडा. मग आत दिला.’ इतके दिवस आम्हीही भाऊ म्हणजे टेबलामागचा माणूस असंच धरून चाललो होतो. हा शब्द साहेबालाही चालतो आणि शिपायालाही, त्यामुळं माणसाचं पद त्यातून कळतच नाही.

संस्थेला आम्ही तेवढंच कळवलं. दाराशी असणाऱ्या शिपायाच्या हातात कर्ज मंजूर करणं नसतं, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. मशीनचे पैसे आले. पुस्तिकेत आता ते वाक्य ‘बँकेतल्या एका शिपायाने, ज्यांना मी भाऊ म्हणून हाक मारली’ असं आहे. तिथं त्यांचंही नाव घालावं म्हणून सभासद मुद्दाम बँकेत गेली होती. दाराशी दुसरेच कुणी होते. आधीचे भाऊ निवृत्त होऊन गावी गेले, एवढं कळलं. नाव विचारलं तर नवे भाऊ म्हणाले, ‘सगळे त्यांना मामाच म्हणायचे.’